पूर्णविराम दिला, तरी वाक्य अपूर्ण?

*दहावीच्या सराव परीक्षेत मी रापणीवर लिहिलं. बाईंनी दोन ठिकाणी ‘वाक्य अपूर्ण’ आणि पहिल्या वाक्यावर ‘हे कुठे संपतं?’ असा शेरा मारलाय. मी पूर्णविराम तर सगळीकडे दिलेत. पेपरात शेवटची दहा मिनिटं उरतात, तेवढ्यात अशा चुका कशा पकडायच्या? परिच्छेद असा होता:*

*“आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा रापणकरांचे जाळे टाकून झाले होते आणि दोर धरून दोन रांगा उभ्या होत्या, एका रांगेत पंधरा-वीस माणसे होती, ती दोर ओढत होती, बायका टोपल्या घेऊन वाट बघत होत्या. जाळे जवळ येताना. पाण्यात एकदम खळबळ होऊन मी पुढे धावलो. बांगडे, तारल्या आणि थोडी कोळंबी. ज्या माणसांनी दोर ओढला त्यांचे वाटे वाळूवर मांडून.”*

*– एक विद्यार्थिनी, वेंगुर्ले*

बाईंचे शेरे बरोबर आहेत. मराठीत वाक्य संपवतं ते क्रियापद. टिंब फक्त ते संपल्याचं दाखवतं. जुनी मोडी पत्रं पाहिलीस तर त्यांत विरामचिन्हं जवळजवळ नसतातच. ती मराठीत रुळली १९व्या शतकात, आणि त्याचं बरंच श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीचे वाचणारे ‘आले’, ‘केले’, ‘पाठविले आहे’ अशा शब्दांवर थांबत आणि मजकूर बरोबर लावत. तुलाही तपासताना हेच करायचं आहे. टिंबांवर विश्वास ठेवायचा नाही, क्रियापदं शोधायची.

मात्र क्रियापदासारखा दिसणारा प्रत्येक शब्द वाक्य पुरं करत नाही. ‘आला’, ‘येतो’, ‘येईल’, ‘यावं’ ही पुरी क्रियापदं, व्याकरणात यांना आख्यात म्हणतात. ‘येऊन’, ‘येताना’, ‘आल्यावर’, ‘येणारा’, ‘येण्यासाठी’ ही धातूपासूनच झालेली रूपं, पण ती पुढच्या कशाची तरी वाट बघत असतात. म्हणून पहिली फेरी अगदी सोपी: प्रत्येक पूर्णविरामाच्या आधीचा शेवटचा शब्द तेवढा बघायचा. तुझ्या परिच्छेदात ते शब्द आहेत ‘होत्या’, ‘येताना’, ‘धावलो’, ‘कोळंबी’ आणि ‘मांडून’. ‘येताना’ आणि ‘मांडून’ लगेच उघडे पडतात, आणि बाईंच्या खुणा नेमक्या तिथेच असणार.

घाईत असं का होतं तेही पाहा. ‘जाळे जवळ येताना’ लिहून झाल्यावर तू पुढचं चित्र आठवायला थांबलीस आणि थांबलेल्या हाताने टिंब दिलं. अशा तुकड्याचं उरलेलं अंग बहुतेक वेळा शेजारच्याच वाक्यात असतं. इथे ते पुढच्या वाक्यात आहे, त्यामुळे टिंब खोडलं की काम झालं: ‘जाळे जवळ येताना पाण्यात एकदम खळबळ...’ नवं काही लिहावं लागत नाही.

शेवटचं वाक्य जास्त फसवं आहे. त्यात ‘ओढला’ हे पुरं क्रियापद आहे, म्हणून वरवर वाचताना नजर समाधानाने पुढे सरकते. पण ते क्रियापद ‘ज्या माणसांनी’ या अर्ध्याचं आहे. ‘जो’, ‘ज्या’, ‘जेव्हा’, ‘जिथे’, ‘जर’, ‘जरी’ यांपैकी काही आलं की वाक्याला दोन अंगं होतात आणि ‘तो’, ‘त्या’, ‘तेव्हा’, ‘तर’, ‘तरी’ या अंगाला स्वतःचं क्रियापद लागतं. ‘त्यांचे वाटे’ काय झाले? ‘मांडले गेले’. ‘मांडून’ खोडून एवढंच वर लिही. ‘ज’चा शब्द दिसला की जोडीदार आणि जोडीदाराचं क्रियापद दोन्ही शोधायचे.

‘बांगडे, तारल्या आणि थोडी कोळंबी.’ यात क्रियापद नाही, तरी मी ते राहू देईन, आणि बाईंनीही बहुधा दिलंय. मराठीला क्रियापदाशिवायची वाक्यं परकी नाहीत. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण बघ. अनुभव सांगताना जाळ्यात काय निघालं ते असं तुटकपणे सांगणं शोभतं. हेच पत्रलेखनात किंवा बातमीत आलं असतं तर मी ‘मिळाली’ जोडायला सांगितलं असतं. ‘येताना’ आणि ‘कोळंबी’ यांतला फरक असा की पहिला तुकडा वाचणाऱ्याला लटकवतो, दुसरा नाही.

आता लांबलेलं वाक्य. दुसऱ्या फेरीत दोन पूर्णविरामांमधली पुरी क्रियापदं मोजायची. तुझ्या पहिल्या वाक्यात सहा आहेत: पोहोचलो, झाले होते, उभ्या होत्या, होती, ओढत होती, बघत होत्या. सहा असणं हा गुन्हा नाही. प्रत्येक दोघांमध्ये काय आहे ते बघायचं. पहिल्या दोघांना ‘तेव्हा’ने बांधलंय, ते ठीक. पुढे ‘आणि’ आहे, तोही चालेल. तिथून पुढे मात्र नुसते स्वल्पविराम आहेत, आणि दोन पुऱ्या विधानांना धरून ठेवायला स्वल्पविराम अपुरा पडतो.

याला एक सवलत आहे. ‘ढग दाटले, वारा सुटला, होड्या किनाऱ्याला लागल्या’ हे वाक्य स्वल्पविरामांवरच उभं आहे आणि चांगलं आहे, कारण तीनही विधानं आखूड, एका घडणीची आणि एकाच ओघातली आहेत. तुझ्या वाक्यात रांगा, एका रांगेतली माणसं आणि बायका अशी नजर तीनदा हलते. तिथे टिंब हवं. दुरुस्ती शाईत अशी करता येईल: ‘उभ्या होत्या’नंतरच्या स्वल्पविरामाचा पूर्णविराम कर. मग ‘होती, ती’ एवढंच खोड, म्हणजे ‘एका रांगेत पंधरा-वीस माणसे दोर ओढत होती’ असं सलग वाक्य मिळेल. त्यापुढे पुन्हा पूर्णविराम, आणि बायकांचं वाक्य वेगळं.

एक चूक बाईंच्या नजरेतून सुटलेली दिसते: ‘खळबळ होऊन मी पुढे धावलो’. शेवटी ‘धावलो’ आहे, म्हणून पहिल्या फेरीत हे वाक्य पास होतं. पण ‘-ऊन’ची क्रिया आणि पुढची क्रिया सहसा एकाच कर्त्याची असते. कर्ते वेगळे चालतात ते पुढची गोष्ट आपोआप घडली असेल तेव्हा: ‘भिंत पडून दोघे जखमी झाले’. धावणं हे तू ठरवून केलंस, म्हणून ‘खळबळ झाली आणि मी पुढे धावलो’. घाईत पूर्णविराम टाळायला ‘-ऊन’ फार हाताशी येतं, त्यामुळे एका वाक्यात दोनदा ‘-ऊन’ दिसलं तर प्रत्येकाला ‘कोणी?’ विचारून घे.

दहा मिनिटांत सगळी उत्तरपत्रिका अशी तपासून होणार नाही. लांब लेखन असलेली पानंच घे. निबंधाच्या शेवटच्या वाक्यापासून उलट वर ये, कारण सरळ वाचताना गोष्ट आपल्याला ओढून नेते आणि राहिलेलं क्रियापद मनच भरून टाकतं; शिवाय घाई शेवटच्या परिच्छेदात जास्त झालेली असते. आधी सगळीकडे टिंबाआधीचा शब्द बघ. मग फक्त तीन ओळींपेक्षा लांब वाक्यांतली क्रियापदं मोज. वेळ उरला तरच ‘-ऊन’कडे वळ.