वासाची फेक, मागचा दरवळ आणि फवाऱ्यांचा हिशेब

प्रश्न : दुकानदार म्हणतो, ‘या परफ्यूमचे प्रोजेक्शन चांगले आहे, पण सियाज बेताचा आहे.’ वास एक तर येतो किंवा येत नाही. यात दोन गोष्टी कुठून आल्या? (गावभाग, सांगली)

सांगलीच्या वाचकाला हा फरक रंगभूमीच्या भाषेत सांगणे सोपे जाते. नट एका जागी उभा राहून बोलत असताना त्याचे शब्द कितव्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचतात, त्याला आपण आवाजाची फेक म्हणतो. त्याचप्रमाणे तुम्ही स्थिर उभे असताना तुमच्या अंगावरचा वास किती अंतरावरच्या माणसाला जाणवतो, ते झाले प्रोजेक्शन, म्हणजे वासाची फेक. सियाज हा फ्रेंच शब्द मुळात नाव पुढे गेल्यावर पाण्यावर मागे उमटणाऱ्या रेषेसाठी वापरतात. तुम्ही जिना उतरून गेलात आणि अर्ध्या मिनिटाने तिथे आलेल्या माणसाला कोणीतरी नुकतेच गेल्याचे कळले, तर तो सियाज होय. आपल्याकडे त्याला ‘दरवळ’ हा चांगला शब्द असताना दुकानदारांनी तो का वापरू नये, हे मला कळत नाही.

या दोन गोष्टी बरोबरीने वाढतातच असे नाही. लिंबू-संत्र्याच्या सालीतील द्रव्ये हलकी असल्याने ती त्वचेवरून घाईने उडतात. त्यामुळे पहिला अर्धा तास फेक मोठी असते आणि नंतर जवळजवळ काहीच उरत नाही. याउलट अँब्रोक्सानसारखी द्रव्ये सावकाश उडतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसावर चालून जात नाहीत, परंतु हवेत त्यांचा अंश अगदी थोडा असला तरी नाकाला तो कळतो, म्हणून मागे राहिलेला माग जाणवत राहतो. मोगऱ्या-जाईच्या कुळातला मोकळा वास देणारे हेडिओन हे द्रव्य १९६६ साली ‘ओ सोवाज’ या परफ्यूममध्ये गाजले, तेही वासाला असा हवेशीरपणा देण्याच्या गुणामुळेच.

घरी पारख करायची असेल, तर एक फवारा मारून वीस मिनिटे थांबा. मग घरातल्या कोणाला तरी बाहेरून आत बोलवा आणि एक हात अंतरावर, नंतर दोन हात अंतरावर उभे राहून वास येतो का, हे विचारा. यातून फेक कळेल. त्यानंतर तुम्ही व्हरांड्यातून चालत जा आणि त्यांना अर्ध्या मिनिटाने त्याच वाटेने यायला सांगा, म्हणजे दरवळही कळेल.

प्रश्न : सकाळी मी लिफ्टमध्ये शिरलो की शेजारच्या काकू पदर नाकाला लावतात. मी ओ द पर्फ्यूमचे पाचच फवारे मारतो. किती मारावेत? (विश्रामबाग, सांगली)

‘पाचच’ हा शब्द वाचून मला काकूंची बाजू घ्यावीशी वाटली. साध्या बाटलीच्या एका पूर्ण दाबातून सुमारे एक दशांश मिलिलिटर द्रव बाहेर पडतो, म्हणजे पाच फवाऱ्यांत अर्धा मिलिलिटर अंगावर येतो. ओ द पर्फ्यूममध्ये साधारणपणे १५ ते २० टक्के सुगंधी द्रव्य असते आणि बाकी बहुतांश अल्कोहोल असते. ते अल्कोहोल पहिल्या काही मिनिटांत उडून जाते आणि जाताना हलकी सुगंधी द्रव्येही झपाट्याने हवेत नेते. तुम्ही दार ओढून लगेच लिफ्टमध्ये शिरत असाल, तर दिवसभरातला सर्वांत तीव्र वास तुम्ही त्या पेटीत घेऊन जाता.

आता त्या पेटीचे माप पाहू. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंचीच्या खोलीत १२०० घनफूट हवा मावते. सहा माणसांची लिफ्ट साधारण साडेतीन फूट लांब-रुंद आणि सात फूट उंच धरली, तर तिच्यात जेमतेम ८५ घनफूट हवा असते, त्यातही काही जागा माणसांनीच अडवलेली असते. म्हणजे खोलीच्या चौदाव्या हिश्शाएवढ्या हवेत तोच माणूस तेवढाच वास सोडत असतो. प्रवास अर्ध्या मिनिटाचा असल्याने सगळे द्रव्य त्या हवेत उतरत नाही हे खरे, पण लिफ्टमध्ये दुसऱ्याचे नाक तुमच्या गळ्यापासून हातभरही लांब नसते आणि त्याला बाजूला सरकायला जागा नसते.

पाचाचे तीन केले की काकू पदर खाली घेतील, असेही समजू नका. हवेतले द्रव्य निम्मे झाले तरी नाकाला वास निम्मा वाटत नाही. तो त्याहून बराच कमी घटल्यासारखा वाटतो. म्हणून एखाददुसरा फवारा कमी करून तक्रार थांबत नाही आणि माणूस ‘मी तर कमी केले’ म्हणून रुसून बसतो. तुमच्यासाठी दोन फवारे पुरेत. दोन्ही उघड्या छातीवर मारा, त्यावर बनियन आणि शर्ट घाला. गळ्यावर किंवा कानामागे मारलेला फवारा नेमका दुसऱ्याच्या नाकाच्या उंचीवर येतो, तर कपड्याआडचा वास हळूहळू वर येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फवारा आणि लिफ्ट यांच्यात वीस मिनिटांचे अंतर ठेवा. आंघोळीनंतर आधी परफ्यूम, मग कपडे, मग चहा-पोहे असा क्रम लावला, तर अल्कोहोलचा आणि सुरुवातीच्या तीक्ष्ण वासाचा भर घरीच ओसरतो. लिफ्टच्या आरशात पाहून शेवटचा फवारा मारण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी, कारण ते थेंब भिंतींवर बसतात आणि तुम्ही उतरल्यावरही वास देत राहतात.

एखाद्या दिवशी जास्त झालेच, तर नुसते पाणी लावून उपयोग होत नाही, कारण ही द्रव्ये बहुतांशी तेलकट असतात. कापसावर थोडे हँड सॅनिटायझर घेऊन ती जागा पुसावी, मग साबणाने धुवावी. शर्टावर पडले असेल तर शर्टच बदलावा. कापडावर वास त्वचेपेक्षा जास्त वेळ टिकतो.

प्रश्न : मी खासगी शिकवणी घेते. वर्गात तीस मुले दाटीने बसतात. एक फवारा चालेल का? (कराड)

एक चालेल, तोही शिकवणीच्या अर्धा तास आधी. फळ्याजवळ उभ्या असताना तुमचा वास कोणाला त्रास देणार नाही. पण वह्या तपासायला तुम्ही बाकांमधून फिरता आणि वाकता, तेव्हा अंतर लिफ्टमधल्याइतकेच राहते. वर्गात दम्याचे किंवा अर्धशिशीचे मूल असल्याचे माहीत असेल, तर तो एकही नको.

प्रश्न : मला स्वतःला अर्ध्या तासात वास येईनासा होतो, म्हणून मी पुन्हा मारतो. ऑफिसमधले म्हणतात की दुपारपर्यंत घमघमाट असतो. खरे कोणाचे? (शाहूपुरी, सातारा)

ऑफिसमधल्यांचे खरे. सतत येणाऱ्या वासाकडे नाक काही मिनिटांतच दुर्लक्ष करू लागते. हळदीच्या गोदामात काम करणाऱ्याला हळदीचा वास येत नाही, पण तिथे पाऊल टाकणाऱ्या परक्याला तो लगेच येतो. तुमचा परफ्यूम गळ्यावर असेल, तर तो चोवीस तास तुमच्याच नाकाखाली असतो आणि त्याची सवय सर्वांत आधी तुम्हालाच होते. त्यात भर म्हणजे कस्तुरीसारख्या वासाची काही कृत्रिम द्रव्ये अशी आहेत की काही माणसांना ती मुळात जाणवतच नाहीत. अशा माणसाला आपला परफ्यूम सकाळी दहाला संपला असे वाटते, आणि शेजारच्या टेबलाला तो चार वाजेपर्यंत पुरतो.

म्हणून पुन्हा फवारायचे की नाही, हा निर्णय स्वतःच्या नाकावर सोपवू नका. दहा-पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत चालून या, मग सकाळी घातलेल्या शर्टाची आतली बाजू नाकाजवळ धरा. वास आला तर परफ्यूमचे काम संपलेले नाही. काही दुकानांत नाक ताजे करायला कॉफीच्या बिया हुंगायला देतात, पण साधी मोकळी हवा तेवढेच काम करते.

प्रश्न : आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून पुण्याला रेल्वेने जातो, कधी जनरल डब्यात उभ्याने, कधी एसी चेअर कारमध्ये. दोन्हीला एकच नियम लावावा का? (सदरबझार, सातारा)

नाही, आणि उत्तर बहुधा तुमच्या अपेक्षेच्या उलट आहे. जनरल डब्यात गर्दी जास्त असली तरी खिडक्या उघड्या असतात आणि गाडी चालू असताना हवा सतत बदलते. तिथे एक फवारा छातीवर असेल तर चालून जातो. मात्र तो मनगटावर नको. उभ्याने प्रवास करताना वरचा दांडा पकडला की तुमचे मनगट थेट दुसऱ्याच्या चेहऱ्यासमोर येते, आणि परफ्यूम मनगटावर मारण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. गाडी एखाद्या स्थानकाबाहेर क्रॉसिंगसाठी थांबली की वारा थांबतो, उकाडा वाढतो आणि तापलेल्या त्वचेवरून द्रव्ये जास्त वेगाने उडू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत त्या पंधरा मिनिटांचाच विचार करून प्रमाण ठरवावे.

एसी डब्यात माणसे मोजकी आणि बसलेली असतात, पण खिडक्या बंद असतात आणि आतल्याच हवेचा बराचसा भाग फिरून परत येतो. तिथली जाळी धूळ अडवते, वासाची वाफ अडवत नाही. शिवाय शेजारच्या आसनावरचा माणूस तीन तासांच्या आसपास तिथेच अडकलेला असतो. म्हणून एसी डब्यासाठी एकही फवारा न मारता निघावे आणि पुण्यात उतरल्यावर हवा तर एक मारावा, असे माझे मत आहे. खिशातल्या छोट्या बाटलीचा एक दाब मोठ्या बाटलीपेक्षा बहुधा कमी द्रव देतो, त्यामुळे तिचे दोन दाब एक फवारा समजायला हरकत नाही. डिओचा डबा मात्र या हिशेबात बसत नाही, कारण बोट दाबून ठेवले तेवढा वेळ तो येतच राहतो. त्याला रेल्वेच्या डब्यातच नव्हे, फलाटावरच्या गर्दीतही बाहेर काढू नये.

प्रश्न : आजोबांच्या हिना अत्तराची कुपी सापडली आहे. अत्तराला हेच फवाऱ्यांचे गणित लागू होते का? (मिरज)

नाही. पारंपरिक अत्तरात अल्कोहोल नसते. कनौजच्या पद्धतीत फुलांचा किंवा वनस्पतींचा अर्क चंदनतेलात उतरवतात, आणि चंदन सावकाश उडते. त्यामुळे वास अंगाजवळ राहतो, फेक लहान असते आणि टिकाऊपणा मोठा असतो. कुपीची काडी एकदाच मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा, चोळू नका, आणि तासाभराने पुन्हा हुंगा. हिना उष्ण मानतात, म्हणून जुनी माणसे ते थंडीत आणि खस, गुलाब, मोगरा उन्हाळ्यात लावत. आजोबा कापसाचा फाया कानाच्या पाळीत ठेवत असतील, तर त्यांचे गणित पक्के होते: कापूस थेंब धरून ठेवतो आणि कानाच्या उबेने तो थोडाथोडा सोडतो. लिफ्टमध्ये मात्र फाया काढून खिशातल्या डबीत ठेवावा.