वक्तृत्व स्पर्धेचा सराव: आधी सांगाडा, मग तोंडी, स्टॉपवॉच सगळ्यात शेवटी

प्रश्न: कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्यांदाच भाग घेतलाय. विषय डॉ. आनंदीबाई जोशी, वेळ 7 मिनिटं, सहाव्या मिनिटाला वॉर्निंग बेल. भाषण लिहून पाठ केलंय, पण म्हणताना मधेच अडकते आणि वेळ कधी 5 मिनिटं येते कधी 9. सराव नेमका कसा करायचा?

उत्तर:

कॉलेजला आहेस म्हणून सरळ तू म्हणतो. मी स्वतः कॉलेजात असताना भरपूर स्पर्धा केल्या आणि आता बऱ्याच ठिकाणी टाइमकीपर किंवा परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे हे 5 आणि 9 चं प्रकरण चांगलंच ओळखीचं आहे. 5 येतात तेव्हा तू पुटपुटत, न थांबता, पाढे म्हटल्यासारखं म्हणत असणार, आणि 9 येतात तेव्हा अडकून मागचं वाक्य परत घेत असणार. म्हणजे दोन्ही आकडे खोटे आहेत. भाषण न अडखळता एकदा तरी पूर्ण होईपर्यंत स्टॉपवॉचला हातच लावू नकोस, तोपर्यंत ते भाषण मोजत नसतं, तुझी धांदल मोजत असतं.

पहिलं काम, लिहिलेला कागद बाजूला ठेव आणि भाषणाचा सांगाडा एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढ. पूर्ण वाक्यं नकोत, फक्त पाच खण. आनंदीबाईंवर मी बोलायचं म्हटलं तर असे करीन: सुरुवात, डॉक्टर व्हायचं का ठरवलं, सेरामपूरचं भाषण, फिलाडेल्फिया आणि पदवी, शेवट. प्रत्येक खणात दोन-तीन शब्द. दुसऱ्यात ‘दहा दिवसांचं बाळ’, कारण वैद्यकीय मदत न मिळाल्याने बाळ गेलं तिथूनच त्यांची जिद्द सुरू होते. चौथ्यात ‘मार्च 1886’. पाचव्यात ‘कोल्हापूरची नेमणूक, फेब्रुवारी 1887’, कारण कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूक झाली पण रुजू होण्याआधीच पुण्यात त्या गेल्या, वय जेमतेम 21.

आता गंमत बघ, सांगाडा कसा असावा याचा उत्तम नमुना तुझ्या विषयातच बसलाय. अमेरिकेला निघण्याआधी 1883 साली आनंदीबाईंनी कलकत्त्याजवळ सेरामपूरच्या कॉलेजात इंग्रजीत भाषण केलं, आणि ते सगळं लोक त्यांना विचारत होते त्या प्रश्नांवर उभं केलं. अमेरिकेलाच का, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय, असे एकूण सहा प्रश्न आणि त्यांची उत्तरं. वय तेव्हा 18 सुद्धा पूर्ण नव्हतं. असा सांगाडा विसरायला होत नाही कारण एक प्रश्न संपला की पुढचा आपोआप डोक्यात येतो. तू पण प्रत्येक खणाच्या डोक्यावर ऐकणाऱ्याच्या मनात तेव्हा काय प्रश्न असेल तो लिहून ठेव. बाळ गेलं, बरं मग हिने काय केलं? जायचं ठरवलं, मग लोक काय म्हणाले? पाठ केलेलं भाषण अडकतं ते बहुतेक वेळा या सांध्यांवरच, कारण परिच्छेदाच्या आत एका वाक्याला दुसरं ओढून आणतं पण दोन परिच्छेदांच्या मधे ओढणारं काहीच नसतं.

मग तोंडी फेऱ्या. पहिल्या फेऱ्या फक्त त्या कार्डावरून, लिहिलेला कागद न बघता, उभं राहून आणि मोठ्याने. वाक्यं वेडीवाकडी आली तरी येऊदेत, ‘म्हणजे’, ‘तर’ कितीही आले तरी चालतील. नियम एकच, थांबायचं नाही आणि पहिल्यापासून सुरू करायचं नाही. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो पण निम्मी भाषणं इथेच बिघडतात. अडकलं की पोरं परत ‘सन्माननीय व्यासपीठ’ पासून सुरू करतात, मग सुरुवातीचा सराव ढीगभर होतो आणि शेवटाचा जवळपास नाहीच. परीक्षकांच्या टेबलावरून हे लगेच कळतं बरं का, पहिली दोन मिनिटं अगदी लोण्यासारखी आणि चौथ्या मिनिटानंतर नजर छताला. त्यामुळे रोज एक फेरी शेवटच्या खणापासून सुरू कर, मग चौथा आणि पाचवा, मग तिसरा-चौथा-पाचवा, असं मागून पुढे ये. चार-पाच दिवसांत शेवट हा तुझा सगळ्यात पक्का भाग होईल आणि स्टेजवर दमलेल्या अवस्थेत तोच लागतो.

या फेऱ्यांमधली एक मोबाईलवर रेकॉर्ड कर, आणि ऐकताना कार्ड नाही तर लिहिलेलं भाषण हातात घे. जिथे तू लिहिल्यापेक्षा वेगळं बोललीस तिथे पेनने खूण. बहुतेक ठिकाणी बोललेलंच चांगलं निघतं. लिहिताना आपण ‘ज्या काळात स्त्रियांना उंबरठा ओलांडण्याचीही मुभा नव्हती त्या काळात साता समुद्रापार जाऊन वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आनंदीबाई’ असं लिहितो आणि म्हणताना ‘शिक्षण’ येईपर्यंत श्वास संपतो, मग नाव, जे ठासून यायला हवं तेच, हवेत विरून जातं. तोंडी बोलताना तेच तू ‘कलकत्त्याहून बोट सुटली. सोबत नवरा नाही, घरचं कुणी नाही.’ असं म्हणालेली असशील. तेच ठेव. लिहिलेलं भाषण या बोललेल्या वाक्यांप्रमाणे दुरुस्त कर आणि नंतर शब्दांशी खेळणं बंद, नाहीतर रोज नवीन वाक्यं घातलीस तर रोज नव्या जागी अडकशील. पाठ करायचंच असेल तर पहिली तीन-चार वाक्यं, शेवटची तीन-चार आणि सांध्यांची वाक्यं, एवढंच शब्दशः पाठ कर.

आता स्टॉपवॉच. एकूण वेळ बघू नकोस, लॅप वापर. मोबाईलच्या स्टॉपवॉचमध्ये ते बटण असतं, प्रत्येक खण संपला की कुणालातरी ते दाबायला सांग, स्वतः दाबलंस तर लक्ष तिकडेच राहतं. आणि वेळ ‘सन्माननीय’च्या स-पासून धर, कारण बऱ्याच स्पर्धांत घड्याळ पहिल्या शब्दाला सुरू होतं. तुमच्याकडे काय नियम आहे ते आयोजकांना आधी विचारून घे.

उदाहरण घेऊ. समज भाषण 900 शब्दांचं आहे आणि पहिली धड फेरी 8 मिनिटं 40 सेकंद आली. नुसत्या या आकड्यावरून काय करणार, ‘जरा फास्ट बोलते’ एवढंच सुचतं, आणि तो सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण परीक्षकांच्या कागदावर उच्चार आणि आवाजातला चढउतार यांना मार्क असतात आणि घाईत पहिले तेच जातात. पण लॅप असे निघाले: सुरुवात 1:30, डॉक्टर का 1:35, सेरामपूर 2:05, फिलाडेल्फिया 2:40, शेवट 0:50. आता दिसतं की नाही दुखणं कुठे आहे? तुला हवेत साधारण सव्वासहा मिनिटं, सात नाही, कारण स्टेजवर टाळ्या, माईकची खरखर, एखादा गिळलेला आवंढा यात अर्धं-पाऊण मिनिट सहज जातं. मधले दोन खण पाच-पाच सेकंद जास्त आहेत ते सोडून दे, अर्ध्या वाक्यात सुटतील. शेवट ठीक आहे. सुरुवात पाऊण मिनिटावर आणायची आणि फिलाडेल्फिया 1:10 वर. झाले सव्वासहा.

सुरुवातीत काय कापायचं ते सगळ्यांचं सारखंच असतं. व्यासपीठ, परीक्षक, गुरुजनवर्ग, रसिक श्रोते आणि माझ्या बंधू-भगिनींनो, मग चार ओळींची कविता, मग ‘स्त्री ही अनंत काळची माता’, मग कुठे आनंदीबाई. संबोधन एका वाक्यात आटप आणि सरळ सेरामपूरच्या सभागृहात उभ्या राहिलेल्या मुलीपासून सुरू कर. फिलाडेल्फियाच्या खणात तू बोटीचा प्रवास, थंडी, जेवणाचे हाल, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर बाईंचा आधार, प्रबंध, पदवीदान, व्हिक्टोरिया राणीचं अभिनंदन असं सगळं कोंबलं असणार. तिथे प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द काढत बसू नकोस, त्याने दहा सेकंद पण वाचत नाहीत आणि वाक्यं मात्र लंगडी होतात. अख्ख्या गोष्टी उचलून बाहेर टाक. थंडी आणि जेवण मिळून एक गोष्ट ठेव आणि पदवी ठेव, बाकी जाऊदे. मन दुखतं, माहितीये. परीक्षकांना तू काय वगळलंस ते कळणार नसतं.

कापल्यावर शब्द साधारण साडेसहाशे राहतील. मराठीत सावकाश, स्पष्ट बोललं की मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दांच्या आसपास जातात असं मी बघत आलोय, पण तुझा वेग तुझ्याच रेकॉर्डिंगवरून काढ, दुसऱ्याचा आकडा घेऊ नकोस. परत लॅप लावून दोन-तीन फेऱ्या कर आणि खणाखणातला फरक बघ. एखादा खण एकदा 1:10 आणि एकदा 1:40 येत असेल तर तो लांब नाहीये, तो कच्चा आहे, त्याला कात्री नको, तोंडी सराव हवा. सगळे खण पाच-सात सेकंदांच्या आत येरझाऱ्या घालायला लागले की वेळेचं काम झालं, मग उगाच दिवसातून दहादा घड्याळ लावू नकोस, भाषण शिळं होतं.

राहिली बेल. ही वेगळी प्रॅक्टिस लागते कारण स्टेजवर तुला घड्याळ दिसेलच असं नाही, बेल हीच एकमेव खबर. सव्वासहाच्या भाषणात शेवटचा खण 5:25 ला सुरू होतो, म्हणजे सहाव्या मिनिटाची बेल तुझा शेवट चालू असतानाच, कोल्हापूरच्या नेमणुकीनंतर कधीतरी, वाजणार. नेमकं सगळ्यात नाजूक वाक्य चालू असताना. माहीत नसेल तर दचकशील. म्हणून शेवटच्या दोन-तीन दिवसांत घरातल्या कुणालातरी सहा मिनिटं झाल्यावर स्टीलच्या वाटीवर चमचा मारायला सांग आणि त्या आवाजातून न थांबता, वेग न वाढवता पुढे जायची सवय कर.

आणि समज त्या दिवशी बेल वाजली तेव्हा तू अजून फिलाडेल्फियातच आहेस, तर त्यासाठी एक उडीचं वाक्य आधीच तयार ठेव, ‘आणि मार्च 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या’, बस्स, तिथून थेट शेवट. शेवट 50 सेकंदांचा, वाक्य चार-पाच सेकंदांचं, म्हणजे बेलनंतर लगेच उडी मारलीस तर 6:55 ला संपतेस, जेमतेम पण बसतं. ही उडी पण दोन-तीनदा मोठ्याने मारून बघ, वाटीवाल्याला मुद्दाम सव्वाचार ते सव्वापाच मिनिटांच्या मधे, म्हणजे तू फिलाडेल्फियात असतानाच, कधीतरी वाजवायला सांग, आणि नेमकं कधी वाजवणार हे तुला आधी कळू देऊ नको म्हणावं.