फोटोत तक्त्याचा कोपरा कापलाय, गणित कसं सोडवू?

प्रश्न: मी निपाणीजवळ राहते, दहावीला आहे. मैत्रिणीने झेरॉक्सचा फोटो पाठवला. तक्त्यातल्या शेवटच्या दोन वारंवारता कापल्यात. ४० गाड्या, सरासरी ऊस २७ टन. सुटेल का?

उत्तर: सुटेल. दोन घरं गेली आहेत आणि एकूण व सरासरी अशा दोन अटी हातात आहेत. दिसणारा तक्ता असा: ०-१० टन ४ गाड्या, १०-२० ला ८, २०-३० ला १०. पुढच्या दोन घरांना x आणि y म्हण.

दिसणाऱ्या गाड्या २२, म्हणून x + y = 18.

सरासरी २७ म्हणजे एकूण ४० × २७ = १०८० टन. वर्गमध्य ५, १५, २५ धरून दिसणारे टन २० + १२० + २५० = ३९०. उरले ६९०, म्हणून 35x + 45y = 690. सगळ्या १८ गाड्या ३५ च्याच धरल्या तर ६३० होतात. ६० कमी पडतात आणि y मधली प्रत्येक गाडी १० ची भर घालते. म्हणून y = 6, x = 12.

आता फोटो झूम कर. x च्या घरात कडेला अर्धवट १ दिसतोय, तो १२ शी जुळतो. पुसट ८ ला ३ वाचलं असतंस तर y = −4 आला असता; गाड्या उणे नसतात, तेव्हाच वाचनातली चूक कळते. पण सरासरी चुकून २६ वाचलीस तर १६ आणि २ अशी साळसूद उत्तरं येतात, आणि कडेचा १ तर १६ शीही जुळतो, म्हणून सरासरीचा अंक नीट बघच. तिसरं घरही गेलं असतं, तर सरळ दुसरा फोटो मागव.