एयूसी चांगला, तरी खोटे इशारे इतके का? थ्रेशोल्ड कुठे ठेवू?

> मधुमेहींच्या डोळ्यांच्या फोटोंवरून रेटिनोपथी ओळखणारं मॉडेल केलंय. १००० फोटोंत ५० रुग्ण. एयूसी ०.९३. थ्रेशोल्ड ०.५ ला ४० रुग्ण सापडतात, ७६ खोटे इशारे येतात. ०.३ ला ४७ सापडतात, पण खोटे इशारे १७१. डॉक्टर वैतागलेत. कुठला ठेवू?

अचूकता आधी बाजूला ठेवा. सगळ्यांना "निरोगी" म्हटलं तरी ती ९५ टक्के येईल आणि एकही रुग्ण सापडणार नाही.

०.५ ला ५० पैकी ४० सापडले, म्हणजे सेन्सिटिव्हिटी ८० टक्के. ९५० निरोगींपैकी ८७४ जणांना बरोबर सोडलं, म्हणजे स्पेसिफिसिटी ९२ टक्के. ऐकायला छान, पण निरोगी माणसं रुग्णांच्या १९ पट आहेत. त्यामुळे त्यांच्यातले ८ टक्केसुद्धा ७६ होतात आणि ११६ इशाऱ्यांतले खरे फक्त ४० उरतात. आरओसीच्या आलेखावर हे दिसतच नाही, कारण त्याचे दोन्ही अक्ष आपापल्या गटातली टक्केवारी दाखवतात. एकूण फोटोंपैकी निम्मे रुग्णांचे असते तरी आलेख साधारण असाच आला असता.

आकडे मोजताना एक जपा. `sklearn`च्या मॅट्रिक्समध्ये डावीकडे वरचा आकडा खऱ्या निरोगींचा असतो, सापडलेल्या रुग्णांचा नाही. इथे बरेच जण फसतात.

```python
pred = (p >= 0.3).astype(int)
tn, fp, fn, tp = confusion_matrix(y, pred).ravel()
```

आता थ्रेशोल्ड. ०.५ वरून ०.३ वर आलात की ७ रुग्ण जास्त सापडतात आणि ९५ खोटे इशारे वाढतात. म्हणजे एका रुग्णामागे साधारण १४ निरोगी माणसांना फेरा. हडपसरच्या एका शिबिरात मी हा फेरा जवळून पाहिलाय. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, दुचाकी चालवता येत नाही, रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. दुसऱ्या पारड्यात वेळेवर न सापडल्यामुळे जाऊ शकणारी दृष्टी आहे. म्हणून डॉक्टरांना "थ्रेशोल्ड किती ठेवू?" असं विचारू नका. "एक रुग्ण निसटू नये म्हणून किती जणांना उगाच बोलावलेलं चालेल?" असं विचारा. उत्तर १४ पेक्षा जास्त आलं तर ०.३ घ्या, कमी आलं तर ०.५. माझं मत ०.३ चं, पण दर १००० फोटोंमागे २१८ जणांना तपासायला डॉक्टरांकडे वेळ हवा.

सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीची बेरीज जिथे सर्वांत मोठी, तो बिंदू घ्या असंही कुणी सांगेल. पण तुमच्या डेटात त्याचा अर्थ होतो की एक निसटलेला रुग्ण १९ खोट्या इशाऱ्यांच्या बरोबरीचा. हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं, सूत्राने नाही.

थ्रेशोल्ड व्हॅलिडेशनच्या फोटोंवर ठरवा आणि चाचणीचे फोटो शेवटी एकदाच वापरा. ५० पैकी ४७ म्हणजे ९४ टक्के दिसत असले, तरी इतक्या कमी रुग्णांवर खरा आकडा ८४ ते ९८ मध्ये कुठेही असू शकतो. आणखी रुग्णांचे फोटो मिळेपर्यंत ०.३ की ०.२८ यावर वेळ घालवू नका.