पेपरमिंट, लवंग, व्हिनेगरच्या फवाऱ्याने उंदीर-मुंग्या खरंच जातात का?

प्रश्न: "साहेब, धान्याच्या खोलीत पेपरमिंट तेल फवारलं तर दोन दिवस उंदीर दिसला नाही, मग परत आला. मुंग्यांवर व्हिनेगर, लवंग तेल दोन्ही मारलं तरी रांग लागतेच. प्रमाण वाढवू का?"

उत्तर: वाढवू नका, त्याने काम होणार नाही. उंदराला पेपरमिंटमधल्या मेंथॉलचा उग्र वास नको असतो हे खरंय, आणि चाचण्यांतही दिसतं ते एवढंच की दुसरा रस्ता असेल तर तो काही काळ ती बाजू टाळतो. पण तेल हवेत उडून जातं आणि आत धान्य भरलेलं असलं की उंदीर उरलेल्या वासाला सरावतो.

खात्री करायची तर भिंतीलगत उंदराच्या वाटेवर दोन ठिकाणी पिठाचा पातळ थर पसरा, एकाशेजारी तेलाचा बोळा ठेवा आणि दुसऱ्याशेजारी नुसता कोरा, मग आठवडाभर रोज सकाळी पावलांचे ठसे बघून पीठ सारखं करायचं. तेलाच्या बाजूचे ठसे आधी कमी होऊन नंतर वाढले तर समजा वास उतरला किंवा तो सरावला. दोन्हीकडचे सारखेच कमी झाले तर ते तेलामुळे नाही, उंदराने वाटच बदललीय.

खरा इलाज भोकं बुजवणं. लहान उंदराला ६ मिमीची फट पुरते, साधारण पेन्सिलच्या जाडीची, म्हणून फटीत स्टील वूल कोंबून वरून सिमेंट लावा, नुसता कापडाचा बोळा तो कुरतडून काढतो. आत राहिलेल्यांसाठी चापाचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे.

मुंग्यांचं वेगळं आहे. व्हिनेगरने पुसलं की मुंग्यांनी जमिनीवर सोडलेला वासाचा माग जातो, म्हणून रांग तुटते, पण वारुळ आणि राणी जागच्या जागी असतात त्यामुळे नवा माग लगेच तयार होतो. लवंगेतलं युजेनॉल थेट अंगावर पडलं तर मुंगी मरते, हे पक्कं आहे, पण मरते ती बाहेर आलेली कामकरी मुंगी, राणीपर्यंत फवारा पोचतच नाही. आणि हे तेल किंवा व्हिनेगर रोपांवर मारू नका हो, पानं करपतात. घरात मांजर असेल तर ही तेलं त्याला बाधतात, तेही ध्यानात ठेवा.

त्यापेक्षा १०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवा, कापसावर घेऊन झाकणात, रांगेशेजारी ठेवा, पोरं, जनावरं आणि धान्यापासून लांब. बोरिक जास्त घातलं तर मुंगी वारुळात पोचायच्या आधीच मरते, मग राणीला काही जात नाही. पहिल्या दिवशी मुंग्या उलट जास्त जमतील, घाबरून फवारा मारू नका, त्यांना नेऊ द्या, गोड खाणारी जात असेल तर एक-दोन आठवड्यांत रांग विरळ होत जाते. कापूस वाळला की नवीन ठेवा, आणि अजिबात शिवल्या नाहीत तर त्या तेलकट खाणाऱ्या असतील, मग तेच बोरिक थोड्या शेंगदाण्याच्या कुटात मिसळून बघा.