स्टार्टअपचं नाव: वर्णन करणारं, घडवलेलं की प्रतिमेचं?

ट्रेडमार्कचं काम करताना मराठवाड्यातल्या सॉफ्टवेअरवाल्या तरुणांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून काहींची उत्तरं इथे एकत्र देतो.

प्रश्न : कंपनीचं नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने मंजूर केलंय. आता ट्रेडमार्क वेगळा कशाला? (नांदेड)

वेगळाच लागतो. ती मंजुरी फक्त कंपनी नोंदवण्यापुरती असते, त्यातून ब्रँडची मालकी मिळत नाही.

प्रश्न : बाजार समितीतल्या आडत्यांसाठी सॉफ्टवेअर बनवलंय. ऐकताच कळावं म्हणून ‘आडत हिशोब’ नाव ठेवलं. एजंट म्हणतो, लोगोसकट अर्ज करू, हमखास मिळेल. करू का? (लातूर)

अर्ज करण्याआधी थांबा. एजंट अर्धंच सांगतोय.

वर्णन करणाऱ्या नावाचा फायदा खरा आहे. आडत्याला काही समजावून सांगावं लागत नाही आणि पहिली दहा दुकानं लवकर मिळतात. पण ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार किंवा उपयोग तेवढा सांगणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही. शब्द मराठी आहे म्हणून सुटका होत नाही. मुख्य अपवाद असा आहे. अर्जाच्या तारखेआधीच सततच्या वापराने ते नाव तुमचंच म्हणून ओळखलं जात असेल, तर नोंदणी होऊ शकते. त्यासाठी जुनी बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे असे पुरावे लागतात. नव्या स्टार्टअपकडे ते कुठून येणार?

आता लोगोची गोष्ट. ‘आडत हिशोब’ ही अक्षरं, शेजारी तराजू, खाली हिरवी पट्टी, असं चित्र नोंदवलं जाऊ शकतं. प्रमाणपत्रही येतं. एजंट फी घेऊन मोकळा होतो आणि तुम्ही ते फ्रेम करून भिंतीवर लावता. पण कलम 17 प्रमाणे हक्क त्या संपूर्ण चिन्हावर असतो, त्यातल्या सामान्य शब्दांवर वेगळा हक्क मिळत नाही. उद्या शेजारच्याने निळ्या अक्षरांत, तराजूशिवाय ‘आडत हिशोब प्लस’ काढलं, तर तो म्हणणार, ‘मी माझ्या सॉफ्टवेअरचं काम सांगतोय.’ कलम 30 त्याला तशी मोकळीक देतं. ग्राहक तुमचं नाव शोधेल आणि समोर त्याचं ॲप येईल. हे कळेपर्यंत दोन-तीन वर्षं जाहिरातीवर पैसा ओतलेला असतो, याचीच मला सगळ्यात जास्त चिंता वाटते.

म्हणून नाव वेगळं घ्या आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘आडतीचा हिशोब’ लिहा. आडत्याला काम कळेल आणि नावही तुमचं राहील. अर्ज मात्र केवळ त्या नावाचा, शब्दचिन्ह म्हणून करा. डाउनलोड होणाऱ्या सॉफ्टवेअरला वर्ग 9 आणि ऑनलाइन सेवेला वर्ग 42 लागतो. व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी दर वर्गाला 4,500 रुपये आहे. एजंट जास्त मागत असेल, तर त्याची स्वतःची फी वेगळी लिहून घ्या. आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : मग अर्थच नसलेला शब्द बनवला की सुटलो ना? (जालना)

कायद्याच्या बाजूने बरंच सुटलात. घडवलेल्या शब्दाला सगळ्यात भक्कम संरक्षण मिळतं. ‘कोडॅक’ हे असंच, कसलाही अर्थ नसलेलं नाव. पण त्या नावाला ओळख मिळवून देण्याचा खर्च तुमचाच, कारण सुरुवातीला ते कुणालाच काही सांगत नाही. ‘हिशोब’ला ‘इफाय’ जोडलं की नवा शब्द झाला, हा गैरसमज काढून टाका. वर्णन आत तसंच राहतं. ओळखीच्या पाच जणांना फोनवर नाव सांगा आणि इंग्रजीत टाइप करायला लावा. पाचही स्पेलिंगं वेगळी आली तर शब्द बदला.

प्रश्न : कीड आणि पावसाचा इशारा देणाऱ्या ॲपला ‘टिटवी’ नाव कसं वाटतं? (परभणी)

मला आवडलं. टिटवी धोका दिसला की ओरडते, आणि तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, असं गावाकडे मानतात. म्हणजे ॲपचं काम नाव थेट सांगत नाही, सुचवतं. अशा नावाला संरक्षण चांगलं मिळतं आणि लक्षातही राहतं.

मात्र दोन गोष्टी आधी तपासा. टिटवीचं रात्रीचं ओरडणं अनेक घरांत अपशकुनी मानतात, तेव्हा गावातल्या शेतकऱ्यांना विचारून घ्या. शिवाय सुंदर प्रतिमा दुसऱ्यालाही सुचलेली असते. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग 9 आणि 42 मध्ये Titvi, Titavi, Titwi अशी सगळी स्पेलिंगं आणि उच्चारावरूनही शोधा, कारण सारख्या उच्चाराचं नाव आधी असेल तर कलम 11 आड येतं. राज्याबाहेर जायचं असेल, तर तिकडे ही प्रतिमा पोचणार नाही आणि तिथे ‘टिटवी’ घडवलेल्या शब्दासारखीच रुजवावी लागेल. शोधाचा निकाल कसा वाचायचा हे अनुभवी माणसाला विचारा. डोमेन मोकळं दिसलं म्हणजे नाव मोकळं आहे असं होत नाही.

प्रश्न : अर्ज भरल्यावर लगेच ® लावू का? (धाराशिव)

नाही. नोंदणी होईपर्यंत फक्त ™ लावा.

प्रश्न : ॲप चाललं तर नाव नोंदवू, नाही चाललं तर पैसे वाचतील. बरोबर ना? (बीड)

चुकीचं. ॲप चाललं की नक्कल करणारे येतात आणि तोवर दुसऱ्याचा अर्ज आधी गेलेला असतो. तुम्ही आधीपासून वापरत असाल तर कायदा तुमची बाजू ऐकतो, पण ते सिद्ध करायला कोर्टकचेरी करावी लागते. पहिलं बिल, डोमेनची पावती, ॲप स्टोअरवरची पहिली तारीख आजच जपून ठेवा आणि या आठवड्यात वकिलाला भेटा.