सहकारी माझं काम स्वतःच्या नावावर खपवतो, काय करू?

प्रश्न: ऑफिसातले एक सिनियर मी केलेलं काम साहेबांना स्वतःचं म्हणून दाखवतात. छोटं ऑफिस आहे, भांडण नकोय. काय बोलू?

उत्तर: मी रत्नागिरीजवळ आंब्याच्या पल्प कारखान्यात ऑफिस बघते. कुठल्या बागेच्या हापूसमध्ये साका किती निघतो याचा तक्ता मी बनवलेला, साका म्हणजे आतला खराब झालेला गर, तो वरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो, म्हणून पैसे कापताना बागायतदारांशी रोज वाद व्हायचे. तो तक्ता आमच्या एका दादांनी मीटिंगमध्ये "मी काढलाय" म्हणून सरांपुढे ठेवला.

अशा वेळी तिथल्या तिथे "हे माझं आहे" म्हणू नका, सगळे तुमच्या आवाजाकडेच बघत बसतात. ज्याने काम केलंय त्यालाच माहीत असेल असा तपशील बोला. मी म्हटलं, "सर, यात गुरुवारची एक गाडी मी वेगळी ठेवलीय, दोन बागांचा माल मिसळलेला, तो आकडा कुणाच्या नावावर धरू नका." मग पुढचे प्रश्न सर मलाच विचारायला लागले.

नंतर एकटं गाठून बोलायचं, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी, जास्त लांबवलं की विषय शिळा होतो. "दादा, काल साक्याचा तक्ता तुमच्या नावाने गेला, तो मी केलेला. पुढच्या वेळी माझं नाव घ्या, नाहीतर मलाच मांडू द्या." बस, एवढंच. 'तुम्ही नेहमीच असं करता' म्हणायचं नाही, नाहीतर बोलणं जुन्या गोष्टींवर जातं. "अगं टीमचंच काम ना" असं उत्तर हमखास येतं, त्यावर "हो, मग टीममध्ये कोणी काय केलं तेही सांगूया" म्हणायचं नि थांबायचं.

पुराव्याचं बघा. गुगल शीटमध्ये File > Version history > See version history ला कोणी काय बदललं ते दिसतं, पण छोट्या ऑफिसात सगळे एकाच जीमेलवरून काम करतात आणि मग तिथे एकच नाव येतं, काही सिद्ध होत नाही. म्हणून शीट स्वतःच्या आयडीवरून बनवा, आणि काम दादांच्या हातात देण्याआधी सरांना दोन ओळींचा मेल टाका, दादांना सीसीत ठेवून: "सर, या आठवड्याचा तक्ता मी पूर्ण केलाय, सोबत जोडलाय. आकड्यांबद्दल काही असेल तर मला विचारा." यात तक्रार कुठेच नाही, तारीख मात्र राहते.

तरीही परत झालं तरच सरांकडे जा, आणि तेही मागणी घेऊन, "सर, हा रिपोर्ट मी बनवते, तर मीटिंगमध्ये मीच मांडू का?" दादांचं नाव काढायची गरजच पडत नाही. एक मात्र कळकळीने सांगते, हे वाडीत किंवा पाहुण्यांत बोलू नका. आपल्याकडे सहकारी कुणाच्या ना कुणाच्या भावकीतला निघतोच आणि गोष्ट तिखटमीठ लागून त्याच्यापर्यंत पोचते, मग शांतपणे बोलायची सोय उरत नाही.

साहेबच तुमचं काम वर स्वतःच्या नावाने पाठवत असतील तर मात्र यातलं फारसं चालणार नाही. तिथे वर्षभराच्या कामाची तारखांसकट यादी ठेवा आणि पगारवाढीच्या बोलणीत तीच समोर ठेवा.